पुनावळ्यातल्या फ्लॅटची साइट-भेट: चार रकाने आणि कॉलमवरच्या तारखा

२०२४ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. माझ्या मावसबहिणीने पुनावळ्यात एका बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात अकराव्या मजल्यावरचा टू बीएचके पसंत केला होता. एक लाख टोकन देऊन झालं होतं, करारनाम्याचा मसुदा हातात होता आणि महिनाअखेरीच्या आत नोंदणी करा, असा सेल्स ऑफिसचा रोज फोन येत होता. मी सिव्हिल इंजिनिअर, बारा वर्षं साइटवर काढलेली. ताई म्हणाली, "अरे, एकदा येऊन बघून जा ना. आम्ही दोनदा गेलो, पण बघायचं काय तेच कळत नाही. वर बघितलं, बिल्डिंग उभी दिसली, आलो परत."

तिची अडचण खरी होती. साइटवर गेलेल्या माणसाला दिसतं ते काँक्रीट, आणि काँक्रीट बघून काहीच ठरवता येत नाही. ते कशाशी तरी ताडून बघावं लागतं. म्हणून साइटवर जाण्याआधीच्या रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो आणि एका मोठ्या कागदावर चार रकाने पाडले: माहितीपत्रकात काय लिहिलंय, करारनाम्याच्या मसुद्यात काय आहे, गृहप्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर काय आहे, आणि चौथा रकाना रिकामा, साइटवर भरायचा. मला साइट-भेटीची तपासयादी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हाच कागद देतो. पन्नास प्रश्नांची छापील यादी हातात असली तरी पहिले तीन रकाने भरलेले नसतील, तर साइटवरचं उत्तर बरोबर की चूक हे समजत नाही.

आदल्या रात्रीचं काम

माहितीपत्रकावर क्यूआर कोड होता. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो छापणं महारेराने बंधनकारक केलं आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान थेट उघडतं. नाहीतर maharera.maharashtra.gov.in वर नोंदणी क्रमांक टाकून शोधायचं. या प्रकल्पाचा क्रमांक P521 ने सुरू होणारा होता, म्हणजे पुणे जिल्ह्यातला. त्या पानावर मी तीनच गोष्टी बघतो. एक, प्रकल्प पूर्ण करण्याची जाहीर केलेली तारीख. दोन, मंजूर नकाशे. तीन, आर्किटेक्टचं प्रमाणपत्र, ज्याला फॉर्म १ म्हणतात.

या फॉर्म १ ची ओळख फार थोड्या खरेदीदारांना असते. त्यात दोन तक्ते असतात. पहिल्यात इमारतीचं काम: खोदाई, प्लिंथ म्हणजे जोतं, पोडियम, स्लॅब, भिंती, आतला गिलावा, फ्लोअरिंग, दारं-खिडक्या, आणि प्रत्येकापुढे किती टक्के झालं. दुसऱ्यात सामाईक कामं: आतले रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, एसटीपी, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण, कम्युनिटी बिल्डिंग, अग्निशमन वगैरे. विकसकाला कामाची माहिती दर तिमाहीला अद्ययावत करावी लागते, त्यामुळे दोन तिमाहींचे आकडे शेजारी ठेवले की कामाचा वेग समजतो.

ताईच्या टॉवरची रचना अशी होती: तळमजल्यावर पार्किंग, त्यावर दोन पोडियम, त्यावर राहण्याचे वीस मजले. तळमजल्यावरचा स्लॅब पहिला, पहिल्या पोडियमवरचा दुसरा, दुसऱ्या पोडियमवरचा तिसरा, आणि त्यावर वीस मजल्यांचे वीस. एकूण २३ स्लॅब. फॉर्म १ मध्ये स्लॅबचं काम जूनअखेर ३० टक्के आणि सप्टेंबरअखेर ४३ टक्के दाखवलं होतं. म्हणजे जूनमध्ये सात स्लॅब, सप्टेंबरमध्ये दहा. पावसाळ्यातल्या तिमाहीत तीन स्लॅब, हा वेग वाईट नाही.

तारखांचा पहिला फरक इथेच सापडला. सेल्सवाला तोंडी "डिसेंबर पंचवीसला ताबा" म्हणत होता. महारेराच्या पानावर आणि मसुद्यात तारीख होती ३१ डिसेंबर २०२६. दाजी म्हणाले, "असू दे, एक वर्ष सेफ्टीसाठी टाकलं असेल." तसं असेलही. पण उशीर झाला तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याज मागता येतं ते करारनाम्यातल्या तारखेपासून. तोंडी सांगितलेल्या तारखेला तिथे काही किंमत नाही. दाजींनी घरभाडं आणि हप्ता एकत्र भरायचा हिशेब डिसेंबर २०२५ पर्यंतचाच केला होता, तो त्याच रात्री आणखी बारा महिने पुढे नेला.

स्लॅब मोजणं

भेटीसाठी मी मुद्दाम बुधवार निवडला. रविवारी साइट रिकामी असते. किती माणसं कामावर आहेत, मिक्सर फिरतोय का, क्रेन हलतेय का, यातलं काहीच रविवारी दिसत नाही. मात्र परवानगीशिवाय वर चढता येत नाही आणि चढूही नये. आम्ही आधी ईमेल टाकून वेळ घेतली, पायात बूट घातले, डोक्याला साइटचं हेल्मेट. ईमेलचा आणखी एक उपयोग झाला: भेट झाल्याची नोंद राहिली.

सेल्स ऑफिसमधल्या मुलाने बसल्याबसल्या सांगितलं, "सर, तेरावा स्लॅब कम्प्लीट आहे. त्यामुळे अॅग्रीमेंटनंतर साठ टक्क्यांचं डिमांड लागेल."

हा आकडा कुठून आला, ते समजून घ्यायला हवं. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात पैशांचे टप्पे ठरलेले आहेत. करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७० पर्यंत. म्हणजे प्लिंथपासून शेवटच्या स्लॅबपर्यंत २५ टक्के. ताईच्या मसुद्यात या २५ टक्क्यांचे पाच भाग केले होते: तिसरा, आठवा, तेरावा, अठरावा आणि तेविसावा स्लॅब, प्रत्येकी पाच टक्के. फ्लॅटची किंमत ७८ लाख. तेरावा स्लॅब झालाय की नाही, या एका वाक्यावर ३ लाख ९० हजार रुपये अवलंबून होते.

आम्ही आधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. ताईला म्हटलं, "तूच मोज. खालून सुरू कर, डोक्यावर छत म्हणून जो जो आडवा पट्टा येईल तो एक स्लॅब." तिने बोटाने मोजले, अकरा. त्यावर कॉलम उभे होते आणि कॉलमच्या वर प्लायवूडची सेंटरिंग, खाली लोखंडी टेकू. सळई बांधणारी चार माणसं वर दिसत होती. म्हणजे बारावा स्लॅब अजून भरायचा होता.

मग सेल्सवाल्याचे तेरा कुठून आले? त्याने जमिनीलगतचा तळ एक धरला होता आणि सेंटरिंग चालू असलेला स्लॅब झालेला धरला होता. त्याने जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. सेल्स ऑफिसमध्ये असे आकडे साइटवरून फोनवर येतात, "तेराव्याचं बघतोय" असं काहीतरी कुणी म्हणतं आणि ते तसंच पुढे जातं. पण पैसे खरेदीदाराचे जातात. तळाचं काम प्लिंथच्या टप्प्यात आधीच मोजलेलं असतं, ते स्लॅबमध्ये पुन्हा धरता येत नाही. आणि स्लॅब झाला म्हणजे काँक्रीट भरून झालं. सळई बांधली म्हणजे स्लॅब झाला असं नाही.

वर गेल्यावर याचा लेखी पुरावाच मिळाला. साइटवर कॉलम भरला की त्यावर रंगाने किंवा खडूने तारीख लिहितात, म्हणजे किती दिवस पाणी मारायचं हे मजुरांना कळतं. जिन्याने चढताना मी ताईला त्या तारखा टिपायला लावल्या. आठव्या मजल्याचे कॉलम दहाव्या स्लॅबवर उभे असतात, त्यांवर ३/१० होतं. नवव्या मजल्यावर, म्हणजे अकराव्या स्लॅबवर उभ्या असलेल्या कॉलमवर २२/११. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्याच्या कॉलमपर्यंत पोहोचायला पन्नास दिवस लागले होते. आधीच्या तिमाहीत तीस दिवसांना एक स्लॅब होत होता. साइट इंजिनिअरला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, दिवाळीला लेबर गावी गेलं, छठपूजा करून आत्ता परत आलं. उत्तर पटण्यासारखं होतं, कारण पुण्यातल्या बहुतेक साइटवर दरवर्षी असंच होतं. पण असे खंड होळीला आणि लग्नसराईत पुन्हा येणार, ते हिशेबात धरावे लागतात.

तो हिशेब आम्ही तिथेच केला. बारा स्लॅब बाकी. महिन्याला एक धरला तर २०२५ ची अखेर. सर्वात वरचा स्लॅब झाल्यावर वरच्या मजल्यांच्या भिंती, प्लास्टर, बाहेरचा गिलावा, लिफ्ट, अग्निशमन आणि मग भोगवटा प्रमाणपत्र, यात दहा-बारा महिने सहज जातात. खालच्या मजल्यांचं काम तोवर मागोमाग चालू राहतं म्हणून एवढ्यात भागतं. म्हणजे डिसेंबर २०२६ जमू शकेल, ओढूनताणून. डिसेंबर २०२५ अशक्य.

दुसऱ्या मजल्यावरचा तोच फ्लॅट

ताईचा फ्लॅट अजून हवेत होता. पण त्याच रांगेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भिंती आणि जिप्समपर्यंत झाला होता, आणि नकाशा तोच. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात सॅम्पल फ्लॅटपेक्षा हा फ्लॅट बघण्यात खरा अर्थ आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये आतली दारं काढलेली असतात, पलंग मापाने लहान करून घेतलेले असतात, आरसे आणि दिवे लावलेले असतात. इथे उघड्या भिंती असतात, आणि टेप धरता येते.

टेप धरली तेव्हा खोल्यांची मापं मंजूर नकाशाशी अर्धा-एक इंचाच्या फरकाने जुळली. हे चांगलं. पण मोठ्या बेडरूमच्या कोपऱ्यात कॉलमचा नऊ इंचांचा भाग खोलीत पुढे आलेला होता. माहितीपत्रकातल्या रंगीत नकाशात तो कोपरा सरळ दाखवला होता आणि नेमकं तिथेच कपाट काढलं होतं. महारेरावरच्या मंजूर नकाशात कॉलम होताच. ताई थोडा वेळ त्या कोपऱ्याशी उभी राहिली, मग म्हणाली, "म्हणजे कपाट दुसऱ्या भिंतीला. मग पलंग खिडकीखाली येणार." पलंग खिडकीखाली चालेल असं तिने ठरवलं. पण ताबा घेताना कळण्यापेक्षा हे आत्ता कळलेलं बरं.

क्षेत्रफळाचा मुद्दा यापेक्षा मोठा होता. सेल्सवाला सगळीकडे "७९० स्क्वेअर फूट" म्हणत होता. मसुद्यात रेरा कार्पेट ६९० होतं, त्यात बाल्कनी ६२ आणि ड्राय बाल्कनी ३८ मिळवली की ७९०. रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जागा धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि मोकळी गच्ची धरत नाहीत. बाल्कनी वेगळी दाखवायला हरकत नाही, ती वापरायलाच मिळते. पण दोन प्रकल्पांचे दर ताडून बघताना कार्पेटवरच भागायचं. ७८ लाखांना ७९० ने भागलं तर फुटाला सुमारे ९,९०० येतात, ६९० ने भागलं तर सुमारे ११,३००. ताईने शेजारच्या प्रकल्पाशी केलेली सगळी तुलना या एका भागाकारामुळे बदलली.

मग साहित्य. पत्रकात आणि मसुद्यात लिहिलेलं प्रत्येक विशेषण मी खोडून फक्त मोजता येणारा शब्द उरतो का ते बघतो. "उत्कृष्ट दर्जाच्या स्लायडिंग खिडक्या" यातलं विशेषण काढलं की "स्लायडिंग खिडक्या" उरतात. किती ट्रॅकच्या? सॅम्पल फ्लॅटमध्ये तीन ट्रॅक होत्या, तिसरा डासांच्या जाळीचा. मसुद्यात ट्रॅकचा उल्लेखच नव्हता. दुसऱ्या मजल्यावर खिडक्या बसल्या नव्हत्या, म्हणून आम्ही पहिल्या टप्प्यातल्या, लोक राहायला आलेल्या इमारतीकडे वळून बघितलं. तिथे दोन ट्रॅक होत्या, आणि बऱ्याच घरांनी बाहेरून स्वतःच्या जाळ्या लावलेल्या होत्या. टाइलचंही तसंच. मसुद्यात "८०० बाय ८०० व्हिट्रिफाइड किंवा समकक्ष", आणि तळमजल्यावर रचून ठेवलेल्या खोक्यांवर ६०० बाय ६००. ती खोकी जिन्याच्या लॉबीसाठी असल्याचं साइट इंजिनिअर म्हणाला, आणि तसं असूही शकतं. म्हणून वाद न घालता खोक्यांचा फोटो काढला आणि प्रश्न लेखी विचारायचा ठरवला. "समकक्ष" या शब्दात मापही बदलतं की फक्त कंपनी, हे लिहून घेतलं नाही तर नंतर त्याचा अर्थ विकसकच लावतो.

पार्किंग थोडक्यात सांगतो. पोडियमवर दोन कॉलमच्या मध्ये तीन गाड्या आखल्या होत्या आणि ताईला मधली जागा दिली होती. कॉलमच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत टेप लावली, ६.९ मीटर. तीन गाड्यांना अडीच मीटरप्रमाणे साडेसात लागतात. आम्ही कडेची, एका बाजूला मोकळी असलेली जागा मागितली.

दर्जा: खरेदीदाराला काय दिसू शकतं

पायात काय सळई टाकली, काँक्रीटमध्ये सिमेंट किती, हे खरेदीदाराला बघून कळत नाही. मलाही कळत नाही. त्यासाठी काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, म्हणजे क्यूबच्या चाचण्या असतात, ७ आणि २८ दिवसांच्या, आणि त्यांचा अहवाल साइटवर ठेवलेला असतो. तो मागता येतो. आम्ही मागितला आणि साइट इंजिनिअरने फाइल दाखवली.

पण एक गोष्ट कुणालाही दिसते आणि ती फार काही सांगून जाते: पाणी. नवव्या मजल्यावरच्या, २२/११ लिहिलेल्या कॉलमभोवती गोणपाट गुंडाळलेलं होतं. मी ताईला त्यावर हात ठेवायला सांगितला. कोरडं खडखडीत. कॉलम पाच दिवसांचा, सकाळचे अकरा वाजलेले. आपल्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस ४५६ नुसार, साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि फ्लाय अॅशसारखं मिश्रण असेल तर किमान दहा दिवस ओलावा टिकवायचा असतो. पाणी कमी पडलं तर पृष्ठभाग कच्चा राहतो, बारीक तडे जातात, आणि पुढे तिथूनच ओल आत शिरते. साइट इंजिनिअरने तिथल्या तिथे मुकादमाला हाक मारली, पाइप जोडायला लावला. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणा होता, आणि मला तो आवडला. वाद घालणारा इंजिनिअर असता तर मला जास्त काळजी वाटली असती.

एका बीमच्या खाली खडी उघडी पडलेली होती, साइटवर त्याला हनीकोम्ब म्हणतात. हाताएवढा भाग. असा एखादा भाग प्रत्येक साइटवर सापडतो. बघायचं हे की तो नीट दुरुस्त करतात, की वरून सिमेंटचा लेप मारून झाकतात. त्याचाही फोटो घेतला, मजल्याचा आकडा टाकून.

क्लब हाऊस कुठे आहे?

पत्रकाच्या मधल्या दोन पानांवर क्लब हाऊस होतं. पोहण्याचा तलाव, बॅडमिंटन, हॉल, सगळं. किमतीच्या तक्त्यात "क्लब हाऊस शुल्क १,५०,०००" अशी ओळही होती. साइटवर त्या जागी गेलो तेव्हा तिथे काँक्रीटचा बॅचिंग प्लांट होता आणि मागे पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: या परिसरातलं काँक्रीटचं काम संपेपर्यंत ती जागा मोकळी होणार नाही.

आता रात्रीचा तिसरा रकाना उपयोगी पडला. मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवले जातात आणि महारेराच्या दृष्टीने प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प असतो. स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र तारीख. ताईचा टॉवर दुसऱ्या टप्प्यात होता. त्या टप्प्याच्या फॉर्म १ मध्ये "कम्युनिटी बिल्डिंग" पुढे "नाही" लिहिलेलं होतं. लेआउटच्या नकाशात क्लब हाऊसची जागा "भविष्यातील विकास" म्हणून रेखलेली. ती तिसऱ्या टप्प्याची जागा होती, आणि तिसऱ्या टप्प्याची नोंदणी महारेराकडे अजून झालेलीच नव्हती. म्हणजे क्लब हाऊस कधी होणार, याची तारीख कुठल्याही सरकारी कागदावर नव्हती. ताईच्या मसुद्यातल्या सुविधांच्या परिशिष्टात लिफ्ट, जनरेटर, एसटीपी, आतले रस्ते, पोडियमवरची बाग आणि सहाशे फुटांची व्यायामशाळा होती. क्लब हाऊसचं नावही नव्हतं. शुल्क मात्र होतं.

पत्रक, करार आणि नोंदणी या तिन्हींमधली सर्वात मोठी दरी बहुतेक वेळा सुविधांमध्येच सापडते. इमारतीचं काम बँकही बघते, विकसकालाही पैसे त्यावरच मिळतात. सुविधा मागे राहिल्या तर लगेच कुणाचं काही अडत नाही.

परत निघताना पहिल्या टप्प्याच्या गेटपाशी एक काका फिरायला बाहेर पडले होते. ताईने नमस्कार करून विचारलं, "काका, तुम्ही इथे कधीपासून?" दीड वर्ष झालं होतं. त्यांनी बांधकामाबद्दल चांगलं सांगितलं, गळती नाही, लिफ्ट बऱ्या आहेत. उन्हाळ्यात टँकर लागतात, हेही सांगितलं. क्लब हाऊसबद्दल विचारल्यावर म्हणाले, "आम्हालाही हेच चित्र दाखवलं होतं. दुसऱ्या टप्प्याबरोबर देतो म्हणाले होते." आधीच्या टप्प्यात राहणाऱ्यांशी पाच मिनिटं बोलणं हे साइटवरच्या दोन तासांइतकंच मोलाचं असतं. त्यांचं सगळं भरून झालेलं असतं, त्यांना लपवायचं काही नसतं.

कागदावर आणणं

त्या रात्री ईमेल लिहिला. तक्रारीच्या सुरात एकही वाक्य नव्हतं. चार रकान्यांत जिथे जिथे फरक निघाला ते मुद्दे, प्रत्येकासोबत फोटो, तारीख आणि मसुद्यातलं कलम. मागण्या पाच होत्या. स्लॅबचा टप्पा दुरुस्त करून ५५ टक्क्यांचं मागणीपत्र द्यावं. खिडक्या तीन ट्रॅक जाळीसह आणि टाइल ८०० बाय ८०० असं परिशिष्टात लिहावं. पार्किंगचा क्रमांक आणि माप नकाशासह जोडावं. लेआउटमध्ये कोणताही बदल करायला खरेदीदाराची आधीच संमती आहे, असं एक वाक्य मसुद्यात मध्येच घातलेलं होतं, ते काढावं, कारण कलम १४ नुसार अशा बदलाला दोनतृतीयांश खरेदीदारांची संमती लागते आणि ती त्या त्या बदलाच्या वेळी घ्यायची असते. आणि क्लब हाऊसची तारीख लिहून द्यावी. सुविधांचा तपशील आणि त्या कधी मिळणार हे करारनाम्यात नमूद करण्याबद्दल महारेराने २०२४ मध्ये आदेश काढला आहे, त्याचा आधार दिला.

दाजींना वाटत होतं, एवढं लिहिलं तर बुकिंगच रद्द करतील. मी म्हटलं, "दाजी, दिलेत किती? एक लाख. बोलायची वेळ हीच. करारनामा नोंदवला की एकदम पंचावन्न टक्के त्यांच्याकडे जाणार." कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. खरेदीदाराच्या हातात काही जोर असतो तो या काळातच.

आठ दिवसांनी उत्तर आलं. स्लॅबचा टप्पा विनातक्रार दुरुस्त केला. खिडक्या आणि टाइल परिशिष्टात आल्या. पार्किंगची कडेची जागा मिळाली. संमतीचं वाक्य पूर्ण काढलं नाही, पण "कायद्याने आवश्यक संमती घेऊन" हे शब्द त्यात आले. आमच्या वकिलांच्या मते ते पुरेसं होतं. क्लब हाऊसची तारीख द्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. नोंदणी न झालेल्या टप्प्याची तारीख देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मग दीड लाखांची ओळ उरली. ती बदलून अशी लिहून घेतली: क्लब हाऊसला भोगवटा प्रमाणपत्र मिळून ते वापरासाठी खुलं झाल्यावरच हे शुल्क देय होईल. ताईने मनाशी ठरवलं की या घरात क्लब हाऊस नाही असंच धरायचं, आणि तरीही ६९० फूट कार्पेटचं, शाळा आणि दाजींचं ऑफिस जवळ असलेलं हे घर घ्यायचं. पत्रकाची मूळ प्रत तिने फाइलमध्ये ठेवली. जाहिरातीत दिलेलं वचन खोटं ठरून नुकसान झालं तर कलम १२ खाली दाद मागता येते, पण त्यासाठी जाहिरात हातात लागते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करारनामा नोंदवला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेराव्या स्लॅबचं मागणीपत्र आलं, ३ लाख ९० हजारांचं. बँकेला कळवण्याआधी ताई एकटीच वेळ घेऊन साइटवर गेली. संध्याकाळी तिचा फोटो आला: अकराव्या मजल्यावरचा, म्हणजे तेराव्या स्लॅबवर उभा असलेला कॉलम, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, आणि वरच्या मोकळ्या भागावर लाल रंगात लिहिलेलं २८/१. दुसऱ्या दिवशी तिने बँकेला पैसे सोडायला सांगितले.